व्हीजीए केबल, निळा पडदा आणि माझा प्री-सबमिशन सेमिनार

12 नोव्हेंबर 2025 ला माझा पीएचडीचा प्री-सबमिशन सेमिनार झाला. प्रबंधाबद्दल सवडीनं लिहीन. आज लिहायचंय ते लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडण्याबद्दल, कारण सेमिनारच्या आधीचे दहा दिवस मला विषयापेक्षा त्या एका केबलची धास्ती जास्त होती.

धास्तीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वीच्या प्रगती-सेमिनारला पडद्यावर निळा रंग आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात ‘No Signal’, एवढंच काय ते आलं. चार जण धावले, प्रत्येकानं वेगळं बटण दाबलं, कुणी केबल हलवली, कुणी प्रोजेक्टर बंद करून पुन्हा चालू केला. अर्धा तास गेला. शेवटी मी लॅपटॉप परीक्षकांकडे वळवून त्या चौदा इंचांवर नकाशे दाखवले. मागच्या रांगेतल्यांना काहीच दिसलं नाही. नेमकं काय बिघडलं होतं ते त्या दिवशी कुणालाच कळलं नाही आणि मलाही नाही, हे मनाला जास्त लागलं. माझा विषय भूगोल, नागपुरातल्या तलावांचं पाण्याखालचं क्षेत्र कसकसं बदलत गेलं हा. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर, सगळं नकाशावरच दाखवायचं. पडदाच नसेल तर मी नुसती बोलून काय करणार?

म्हणून या वेळी अर्जापासूनच सुरुवात केली.

3 नोव्हेंबरला, सोमवारी, विभागप्रमुखांच्या नावानं अर्ज दिला. आमच्याकडे सभागृहासाठी एक अर्ज आणि प्रोजेक्टर, माइक यांसाठी दुसरा, दोन्हींच्या दोन-दोन प्रती, दोन्हींवर मार्गदर्शकांची सही. दुसऱ्या अर्जात मी एक ओळ जास्तीची घातली: ‘सेमिनारपूर्वी चाचणीसाठी एक तास सभागृह व प्रोजेक्टर उपलब्ध व्हावा.’ ही ओळ लिहिली नाही तर चाचणीला कुणी कुलूप उघडून देत नाही, आणि तोंडी सांगितलेलं शिपाईभाऊंपर्यंत पोचत नाही. बुधवारी, 5 तारखेला, गुरुनानक जयंतीची सुट्टी होती, म्हणून सह्या झाल्या गुरुवारी. लेखा विभागाच्या खिडकीवर 500 रुपये अनामत भरली, पावती घेतली. चाचणी सोमवारी 10 तारखेला दुपारी चार ते पाच मिळाली.

पावती हातात होती, सभागृह उघडं होतं, तशीच आत गेले. काही जोडायचं नव्हतं, फक्त बघायचं होतं. व्यासपीठावरच्या टेबलाखालून एक जाड, काळी केबल वर आलेली. तिच्या टोकाला निळं प्लॅस्टिक, दोन्ही बाजूंना हातानं फिरवायचे स्क्रू आणि आत बारीक पिनांच्या तीन रांगा. हे व्हीजीए. प्रोजेक्टर छताला उलटा टांगलेला. त्याच्या पाठीवर एचडीएमआयची खाचही दिसत होती, पण तिच्यात काहीच लावलेलं नव्हतं. सभागृह बांधलं तेव्हा भिंतीतून फक्त व्हीजीएची तार टाकली होती. मोबाइलनं तीन फोटो काढले: केबलचं टोक, प्रोजेक्टरची पाठ आणि झूम करून त्याच्या मॉडेल नंबरचं लेबल. मॉडेल नंबरवरून घरी माहितीपुस्तिका शोधली, तेव्हा कळलं की त्याचा मूळ आकार 1024 गुणिले 768 ठिपके, म्हणजे 4:3, जुन्या टीव्हीसारखा. माझा लॅपटॉप 1920 गुणिले 1080 चा, लांबट. या फरकानं पुढे बरंच काही घडलं.

माझ्या लॅपटॉपला व्हीजीए नाही. एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी आहे. एका मैत्रिणीनं तिचं टाइप-सीचं जोडणं देऊ केलं, पण ते माझ्या लॅपटॉपवर चाललंच नाही. प्रत्येक टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर जात नाही. काहींतून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात, माझी तसली निघाली. ज्यांच्याकडे नुसतं टाइप-सी आहे त्यांनी हे घरीच एखाद्या टीव्हीला लावून बघावं.

शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर मेट्रोनं सीताबर्डीला उतरले आणि मोदी नंबर नावाच्या दुकानांच्या गल्लीत गेले. दुकानदाराला म्हटलं, “व्हीजीए-एचडीएमआयचं कनेक्टर द्या.” त्यानं एक छोटी पांढरी डबी पुढे केली. मी पैसे काढणार तेवढ्यात त्यानंच विचारलं, “मॅडम, लॅपटॉप नवा आहे की प्रोजेक्टर नवा?” म्हटलं, लॅपटॉप नवा, प्रोजेक्टर जुना. त्यानं डबी परत घेतली. “मग हे नाही जी. हे उलटं आहे.”

हे मला माहीतच नव्हतं. व्हीजीएतून जातो तो अ‍ॅनालॉग सिग्नल, एचडीएमआयमधून डिजिटल. मधलं जोडणं म्हणजे नुसती तार नसते, आत एक चिप असते आणि ती एकाच दिशेनं रूपांतर करते. लॅपटॉपचं एचडीएमआय आणि प्रोजेक्टरचं व्हीजीए असेल तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’च लागतं. दुसरं, ‘व्हीजीए टू एचडीएमआय’, दिसायला त्याचंच भावंड, पण जुना कॉम्प्युटर नव्या टीव्हीला लावायचं असेल तेव्हाचं. ओळखायची खूण सोपी आहे. आपल्याला हवं त्याच्या एका बाजूला लॅपटॉपमध्ये घुसणारी एचडीएमआयची चपटी जीभ असते आणि दुसऱ्या बाजूला पंधरा भोकांचं व्हीजीए. पिना सभागृहातल्या केबलला आहेत, म्हणून आपल्याकडे भोकंच हवीत. त्यानं दुकानातल्या एका जुन्या मॉनिटरला लावून दाखवलं. 380 रुपये पडले. दुकानात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका, कारण आतली चिप मेलेली आहे की जिवंत हे बाहेरून कळत नाही.

सोमवारी पावणेचारलाच पोचले. शिपाईभाऊंनी कुलूप उघडलं, मेन स्विच लावला आणि सांगून टाकलं, “मॅडम, हा प्रोजेक्टर कधी कधी लागतच नाही. मागच्या वेळी पन असंच झालं होतं.” प्रोजेक्टर चालू केला. दिवा तापून पूर्ण उजेड पडायला मिनिटभर लागलं. तोवर मी कनेक्टर लॅपटॉपला लावला, त्यात व्हीजीए बसवून दोन्ही स्क्रू हातानं पिळले. पडद्यावर निळा रंग. ‘No Signal’.

दोन वर्षांपूर्वीची तीच जागा. छातीत धस्स झालं, खोटं कशाला सांगू. पण या वेळी शनिवार-रविवार वाचून, विचारून एक गोष्ट पक्की केली होती. ‘No Signal’ हे वाक्य प्रोजेक्टरचं आहे. तो एवढंच सांगतोय की मी ज्या खाचेकडे बघतोय तिथून काही येत नाहीये. लॅपटॉपचं म्हणणं काय आहे ते आपण अजून विचारलेलंच नाही. म्हणून आधी लॅपटॉपला विचारायचं: तुला दुसरा पडदा दिसतोय का? त्याचं उत्तर मिळालं की अर्धी शोधाशोध तिथेच संपते.

विचारायचं असं. Settings उघडायचं, त्यात System, त्यात Display. वरच्या भागात 1 आणि 2 असे दोन चौकोन दिसले तर लॅपटॉपला प्रोजेक्टर सापडला आहे. म्हणजे कनेक्टर ठीक, केबल बहुतेक ठीक, गडबड प्रोजेक्टरच्या बाजूला. एकच चौकोन दिसला तर प्रोजेक्टरची बटणं दाबण्यात काही अर्थ नाही. गडबड लॅपटॉप, कनेक्टर आणि केबल यांच्यातच कुठेतरी आहे.

मला दोन चौकोन दिसले.

मग भाऊंना विचारलं, रिमोट कुठाय? रिमोट होता, पण त्यातले सेल संपलेले. कॅन्टीनशेजारच्या टपरीवरून दोन बारीक सेल आणले, 40 रुपये. रिमोटवर Source नावाचं बटण असतं, काही कंपन्या Input म्हणतात. ते दाबलं तर कोपऱ्यात आलं ‘Video’. म्हणजे प्रोजेक्टर आधीच्या कुणीतरी निवडून ठेवलेल्या, आता रिकाम्या खाचेकडे टक लावून बसला होता. एकेक करत ‘Computer 1’ वर आणलं आणि दोन-तीन सेकंदांत माझा डेस्कटॉप भिंतीवर! भाऊ म्हणाले, “हे बटन त्या दिवशी कोणी दाबलंच नाही ना जी.” मलाही तसंच वाटतं. दोन वर्षांपूर्वी लॅपटॉप सगळं पाठवत होता आणि प्रोजेक्टर दुसऱ्या दाराशी उभा होता.

आता Duplicate की Extend हा प्रश्न. कीबोर्डवर Windows आणि P एकत्र दाबलं की उजवीकडे चार पर्याय येतात: PC screen only, Duplicate, Extend, Second screen only. बाणाच्या कळीनं हवा तिथे जाऊन Enter दाबायचं. घाईत P सटासट दाबू नका. मी दाबलं आणि Second screen only वर जाऊन पडले, लॅपटॉप काळा झाला. भिंतीवर चित्र होतं म्हणून परत येता आलं. भिंतीवरही काही नसेल तर सरळ एचडीएमआय ओढून काढायची. दुसरा पडदा गेला की लॅपटॉपचा आपोआप परत येतो.

Duplicate म्हणजे दोन्हीकडे हुबेहूब एकच चित्र. ऐकायला हे सर्वांत सोपं वाटतं आणि बहुतेक जण तेच लावतात. पण एकच चित्र दोघांना दाखवायचं तर ते दोघांनाही झेपेल असं हवं. माझ्या लॅपटॉपनं स्वतःला प्रोजेक्टरच्या 1024 गुणिले 768 वर उतरवून घेतलं. लॅपटॉपवर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या आल्या, अक्षरं मोठी आणि पुसट झाली. मला सेमिनारमध्ये QGIS हे नकाशांचं सॉफ्टवेअर थेट उघडून दाखवायचं होतं. एवढ्या जागेत त्याच्या कडेच्या याद्यांनीच अर्धा पडदा खाल्ला, नकाशा हातरुमालाएवढा उरला. तिथल्या तिथे ठरवलं की QGIS दाखवायचं नाही, नकाशांची चित्रं स्लाइडवर टाकायची. हा निर्णय चाचणीच्या दिवशी झाला म्हणून बरं, सेमिनारच्या दिवशी झाला असता तर घाम फुटला असता.

Extend मध्ये प्रोजेक्टर हा लॅपटॉपच्या उजवीकडे जोडलेला वेगळा, जास्तीचा पडदा होतो. दोघेही आपापल्या मापात राहतात. पॉवरपॉइंट सुरू केलं की स्लाइड भिंतीवर जाते, आणि लॅपटॉपवर राहते ती आताची स्लाइड, पुढची स्लाइड, मी लिहिलेल्या नोट्स आणि किती मिनिटं झाली ते. याला Presenter View म्हणतात. मी आकडे विसरते, म्हणून मला हे फार हवं होतं. शिवाय मध्येच घरचा मेसेज आला तर तो माझ्या पडद्यावर येतो, परीक्षकांसमोर नाही.

पण Extend चा पहिला अनुभव घाबरवतो. Enter दाबताच भिंतीवर नुसतं रिकामं वॉलपेपर आलं. भाऊ म्हणाले, “गेलं काय?” गेलं नव्हतं, जास्तीचा पडदा सुरुवातीला रिकामाच असतो. मग माउसचा बाण हरवला. तो उजव्या कडेवरून पलीकडे, भिंतीवर गेला होता. डावीकडे ओढत आणला की परत येतो. एखादी खिडकी उघडली पण दिसत नाही असं झालं तर ती तिकडे उघडलेली असते, Windows, Shift आणि डावा बाण एकत्र दाबले की अलीकडे येते. आणि नोट्स भिंतीवर, स्लाइड लॅपटॉपवर असं उलटं झालं तर Presenter View मध्येच वर Display Settings आहे, त्यात अदलाबदल करता येते. हे सगळं मी त्या तासात दोन-दोनदा करून घेतलं, हातात बसेपर्यंत.

ज्याला प्रेक्षकांसमोर एखादं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचंय, एक्सेलमध्ये आकडे भरायचेत, त्यानं Duplicate च घ्यावं, नाहीतर मान सारखी भिंतीकडे वळवून माउस चालवावा लागतो. नुसत्या स्लाइड असतील तर Extend.

एवढं झाल्यावर पहिला नकाशा उघडला आणि पोटात गोळा आला. अंबाझरी काळा होता, फुटाळाही काळा. 23 सप्टेंबर 2023 च्या पावसात अंबाझरी ओसंडून खालच्या वस्तीत पाणी शिरलं, त्या स्लाइडवर मी पाणी गडद निळ्यानं दाखवलं होतं. भिंतीवर ते डांबर पसरल्यासारखं दिसत होतं. आणि पांढरा कागद पिवळाधमक. पिवळेपणा मघाशीच जाणवला होता, पण वाटलं दिवा जुना झाला असेल.

प्रयोगशाळेतले सहायक दादा तेवढ्यात डोकावले. त्यांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, “मॅडम, मघाशी नो सिग्नल आलं तेव्हा पडदा कोणत्या रंगाचा होता?” म्हटलं, निळा. “चांगला निळा?” हो, चांगला निळा. “मग प्रोजेक्टरला निळा दाखवता येतो. त्याच्यापर्यंत निळा पोचत नाहीये.”

इतकं साधं आणि इतकं अचूक. ‘No Signal’चा निळा प्रोजेक्टर स्वतःच्या आतून काढतो, तो केबलमधून येत नाही. म्हणजे दिवा, भिंग सगळं धड. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांना तीन वेगळ्या पिना आहेत. निळ्याची पिन जोडली गेली नाही तर पांढऱ्यातून निळा वजा होऊन पिवळा उरतो, आणि मुळातच निळं असलेलं पाणी काळं पडतं.

दादांनी स्क्रू सोडवून केबलचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. पाच-पाच पिनांच्या तीन रांगा. रुंद बाजूच्या रांगेत पहिली लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. तिसरी म्हणजे कोणत्याही बाजूनं मोजा, बरोबर मधली. ती मधली पिन खाली वाकून प्लॅस्टिकला टेकली होती, गवताची काडी वाऱ्यानं पडावी तशी. कुणीतरी घाईत वाकडं दाबून बसवलं असणार. मधल्या रांगेतही एक जागा रिकामी दिसली. मी म्हटलं, ही तर तुटलीच आहे. दादा म्हणाले, ती बऱ्याच केबलांना मुळातच नसते, नववी पिन, तिची काळजी नको.

त्यांनी खिशातल्या पेनाची संपलेली रिफिल काढली, निब उपटली, मोकळी नळी वाकलेल्या पिनेवर चढवली आणि हळूहळू, एका झटक्यात नाही, तिला उभी केली. चिमट्यानं ओढली तर पिन तुटते, नळीनं ती मुळापासून सरळ होते. अर्थात प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्हींपासून केबल सुटी करूनच. सरळ झालेली पिन वारंवार वाकली तर एक दिवस तुटणारच, तेव्हा केबल बदलणं आलं. पण आम्हाला बुधवारपर्यंतच टिकवायची होती. पुन्हा लावलं. अंबाझरी निळा झाला. मी टाळी वाजवली, खरंच.

पाच वाजले. प्रोजेक्टर बंद करताना भाऊंना थांबवलं, ते थेट भिंतीवरचा स्विच पाडणार होते. रिमोटचं पॉवर बटण दोनदा दाबायचं, दिवा विझतो पण पंखा फिरत राहतो. तो थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही, नाहीतर तापलेला दिवा थंड न होताच हवा बंद होते.

मंगळवारी एकच काम केलं, स्लाइडचा आकार बदलला. माझ्या स्लाइड 16:9 होत्या. त्या 1024 रुंदीच्या पडद्यावर 576 उंचीच्याच दिसतात, उरलेला चौथा हिस्सा वर-खाली काळा जातो. नकाशांना ती उंची हवी होती. Design मध्ये Slide Size, त्यात Standard (4:3). तो विचारतो Maximize की Ensure Fit. Maximize घेतलं तर कडेचं कापलं जाऊ शकतं, म्हणून Ensure Fit घेतलं आणि नकाशे एकेक करून हातानं मोठे केले. 32 स्लाइड, अडीच तास. त्याशिवाय एका पानावर चार स्लाइड अशा सहा प्रती रंगीत छापून घेतल्या, 8 पानांप्रमाणे 48 पानं, 480 रुपये. महाग वाटलं, पण घेतल्या.

बुधवारी सेमिनार अकराचा. दहाला पोचले. चार्जर लावला, लॅपटॉप झोपी जाण्याची वेळ Never वर केली, आधी प्रोजेक्टर, मग लॅपटॉप, मग Windows आणि P, Extend. सगळं सुरळीत. प्रती परीक्षकांच्या टेबलावर ठेवल्या. रिमोट मुद्दाम माझ्याजवळ ठेवला. भाऊंना विनंती केली की तासभर दाराशीच थांबा. सव्वाअकराला सर आणि समिती आली, मागे पंचवीसेक विद्यार्थी.

तेरा स्लाइड छान गेल्या. चौदाव्या स्लाइडला, सोनेगाव तलावावर बोलताना, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि भिंत निळी झाली. ‘No Signal’.

सभागृहात कुजबुज झाली. हात थंड पडले होते. पण नजर आधी लॅपटॉपकडे गेली, तेवढी सवय झाली होती. लॅपटॉपवर माझ्या नोट्स नव्हत्या, पूर्ण पडदाभर स्लाइड होती. म्हणजे Presenter View मोडला होता. म्हणजेच लॅपटॉपला दुसरा पडदा दिसतच नव्हता. Settings उघडायचीही गरज नव्हती, उत्तर समोर होतं: प्रोजेक्टरला दोष नाही, अलीकडे बघ.

बघितलं तर कनेक्टर लॅपटॉपच्या खाचेतून तिरपा लोंबत होता. व्हीजीएला स्क्रू असतात, पण एचडीएमआयला धरून ठेवणारं काहीच नसतं, ती नुसती दाबून बसते. ती जाड केबल टेबलाच्या कडेवरून खाली लटकत होती, तिचा सगळा भार त्या छोट्या कनेक्टरवर. माझा पाय लागला असेल. चाचणीच्या दिवशी केबल टेबलावर पसरून ठेवली होती, म्हणून तेव्हा हे कळलं नाही.

“सर, एक मिनिट. आपल्या हातातल्या प्रतीत पान चौथं, दुसरी चौकट,” एवढं म्हणून मी सोनेगावबद्दल बोलत राहिले आणि बोलता बोलता कनेक्टर काढून परत नीट दाबला. लॅपटॉपनं जोडलं गेल्याचा टुण्ण आवाज केला. भिंत मात्र निळीच. इथे मला पुन्हा क्षणभर काही सुचेना. मग कोपऱ्यात लिहिलेलं दिसलं: ‘Video’. सिग्नल गेल्यावर प्रोजेक्टर दुसऱ्या खाचांमध्ये शोधायला गेला होता आणि तिथेच थांबला होता. Source, पुन्हा Source, ‘Computer 1’. वॉलपेपर आलं. म्हणजे Extend त्यानं लक्षात ठेवलं होतं, Windows आणि P करावं लागलं नाही. पॉवरपॉइंटमध्ये Esc दाबलं आणि Shift आणि F5. F5 एकटं दाबलं असतं तर पहिल्या स्लाइडपासून सुरू झालं असतं, Shift बरोबर दाबलं की आहे त्याच स्लाइडपासून होतं. चौदावी स्लाइड भिंतीवर, नोट्स माझ्यासमोर.

घड्याळात पाहिलं, दोन मिनिटंही झाली नव्हती. समितीतले एक ज्येष्ठ सर म्हणाले, “होऊ द्या सावकाश, आम्ही वाचतोय.” तोवर भाऊंनी काही न विचारता माझी जाड डायरी कनेक्टरखाली सरकवली आणि खिशातल्या सुतळीनं केबल टेबलाच्या पायाला बांधून टाकली, थोडी ढील ठेवून. पुढच्या अठरा स्लाइडमध्ये ती हललीसुद्धा नाही.

दादांनी आणखी एक उपाय सांगून ठेवला होता, जो लागला नाही: कनेक्टर नीट बसलाय, तरी लॅपटॉपला दुसरा पडदा सापडत नाही, असं झालं तर Windows, Ctrl, Shift आणि B एकत्र दाबायचं. पडदा क्षणभर काळा होतो, एक बीप येतो आणि ग्राफिक्सचा भाग नव्यानं सुरू होतो. उघडलेल्या फाइलींना धक्का लागत नाही. मी घरी करून पाहिलंय. एवढं करूनही सापडला नाही तर लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, केबल जोडलेली ठेवूनच.

समितीनं चार दुरुस्त्या सुचवल्या, त्यातली एक सोनेगावच्याच नकाशाची. अहवालावर सह्या दुपारी दोनला झाल्या. अनामत परत मिळायला शुक्रवार उजाडला, कारण ज्या बाईंकडे पावती-पुस्तक होतं त्या गुरुवारी रजेवर होत्या. 500 रुपये पूर्ण मिळाले.

त्याआधी भाऊंनी सभागृहाचं रजिस्टर पुढे केलं. तारीख, वेळ, नाव, सही आणि शेवटी ‘शेरा’ असा रकाना, जो वरपासून खालपर्यंत कोराच होता. मी त्यात लिहिलं: ‘व्हीजीएची निळी पिन 10/11 ला सरळ केली आहे, केबल वाकडी दाबू नये. रिमोटवर Source दाबून Computer 1 घ्यावे. केबल टेबलाच्या पायाला बांधली आहे, सोडू नये.’ भाऊंनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, हेच एका कागदावर लिहून द्या ना, टेबलाले चिकटवतो.” लिहून दिलं.